जुलाब म्हणजे सफाई नव्हे

माझं औषधांचं दुकान आहे, सिंहगड रस्त्यावर. बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. ही पोस्ट मी थोडी लाजेनेच लिहितेय, कारण यात जो माल आहे तो मीच विकला होता.

तीन महिन्यांपूर्वी आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक काकू आल्या. वय छप्पन. बीपीच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच नेतात. म्हणाल्या, "ताई, पोट सारखं फुगतंय गं. संध्याकाळ झाली की साडी सैल करावी लागते. ते डिटॉक्सचं काहीतरी मिळतं ना, माझ्या भाचीने घेतलंय." मी शेल्फवरचा डबा काढून दिला. हिरवा डबा, वर पानं, आत एकवीस पुड्या. रोज रात्री झोपताना एक पुडी गरम पाण्यात. "हर्बलच आहे काकू," हे वर माझंच वाक्य.

चौथ्या दिवशी काकू खूश होऊन आल्या. रोज तीनचार वेळा पोट साफ होतंय, वजन दीड किलो उतरलं, पोट सपाट. शेजारच्या दोघींसाठी आणखी दोन डबे घेऊन गेल्या. दहाबारा दिवसांनी एका पुडीचा परिणाम कमी वाटायला लागला, म्हणून त्यांनी आपल्या मनानेच दोन पुड्या सुरू केल्या. सतराव्या दिवशी पुन्हा आल्या, पण या वेळी कॅल्शियमच्या गोळ्या मागायला. रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते. दोन जिने चढताना मांड्यांत जीव नसल्यासारखं वाटत होतं आणि मधूनच छातीत धडधड.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काकूंच्या बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एक क्लोरथॅलिडोन आहे. ही लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते आणि त्याबरोबर पोटॅशियमही काढते. म्हणजे लघवीच्या वाटेने ते जात होतंच, आता मी संडासची वाटही उघडून दिली होती.

कॅल्शियम न देता त्यांना तसंच रिक्षात घालून डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तात पोटॅशियम 2.6 आलं. साधारण 3.5 ते 5 असायला हवं. ईसीजीतही बदल होते. दोन दिवस दवाखान्यात ठेवून, मॉनिटर लावून, सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम द्यावं लागलं. ते घाईने देता येत नाही, एकदम वाढलं तरी हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "जुलाबाचं काही घेता का?" काकूंनी खरंखरं उत्तर दिलं, "छे हो. फक्त हर्बल चहा."

डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. बडीशेप, आलं, ज्येष्ठमध, गवती चहा आणि यादीच्या मध्यावर 'स्वर्णपत्री'. स्वर्णपत्री म्हणजे सोनामुखी. काही डब्यांवर 'मार्कंडिका' असतं, काहींवर 'सेन्ना', काहींवर नुसतं 'कॅसिया अँगुस्टिफोलिया'. नावं चार, पान एकच. आणि ते पान जुलाबाचं औषध आहे, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. त्या ते कधीतरी, गरज पडली तर द्यायच्या. रोज रात्री एकवीस दिवस कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे पान काय करतं ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळेल. त्यातला औषधी घटक लहान आतड्यातून तसाच पुढे जातो. मोठ्या आतड्यातले जंतू त्याचं रूपांतर करतात आणि मग दोन गोष्टी होतात. आतड्याचे स्नायू जोरात आवळायला लागतात, आणि आतडं जे पाणी परत शोषून घेतं ते शोषायचं थांबतं. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री पुडी आणि सकाळी 'सफाई'. आपल्या मोठ्या आतड्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी येतं आणि त्यातलं शंभर-दोनशे मिली सोडून बाकी सगळं शरीर परत घेतं. तेच पाणी, त्यातल्या क्षारांसकट, तुम्ही रोज सकाळी फ्लश करता.

वजन दीड किलो उतरलं ते हेच. अन्नातल्या कॅलरी मोठ्या आतड्यापर्यंत पोचायच्या आधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात, त्यामुळे जुलाबाने चरबी कमी होत नाही. दोन दिवस नीट खाल्लं-प्यायलं की काटा जागेवर येतो.

गोळीच्या रूपात हेच औषध घेतलं तर किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. चहात तसं नाही. पुडी दोन मिनिटं पाण्यात ठेवली की दहा, पाणी कोमट होतं की उकळतं, यावर मात्रा बदलते. काकू पुडी पाण्यातच सोडून मालिका बघायच्या आणि ब्रेकमध्ये प्यायच्या.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. चहा बंद केल्यावर काकूंना चार दिवस संडासला झालीच नाही आणि पोट आधीपेक्षा जास्त फुगलं. यात आश्चर्य काही नाही. आतडं जबरदस्तीने पूर्ण रिकामं केलं की ते भरायला तीनचार दिवस लागतातच. शिवाय पोटॅशियम कमी झालं की नुसते पायाचे स्नायू नव्हे, आतड्याचे स्नायूही मंदावतात, आणि मंद आतडं फुगतं. म्हणजे पोट फुगतं म्हणून घेतलेला चहा पोट फुगवतो. माणूस मात्र समजतो, 'बघा, चहा सोडला की त्रास होतो, म्हणजे चहा लागू पडत होता.' आणि दुसरा डबा घेतो. दुकानदार म्हणून सांगते, असं गिऱ्हाईक कायमचं असतं.

महिनोन्‌महिने घेणाऱ्यांची आणखी एक गंमत आहे. सोनामुखीसारख्या पानांच्या सततच्या वापराने मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर तपकिरी-काळपट रंग चढतो. दुर्बिणीने तपासताना तो डॉक्टरांना स्पष्ट दिसतो. औषध बंद केलं की काही महिन्यांत जातो, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण आतडं 'स्वच्छ' करायला घेतलेल्या वस्तूने आतड्यालाच डाग पडतो, हे डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मी पाकिटातलं घेतच नाही, मी सकाळी ताजा रस पितो. पुण्यात टेकडीखाली आणि बागांबाहेर सकाळी सहापासून टेबलं मांडलेली असतात: दुधी, कारलं, गव्हांकुर, आवळा. बरेच लोक कसलाही त्रास न होता हे पितात, तेही खरं. पण जून 2018 मध्ये आपल्याच शहरात काय झालं ते आठवा. एक्केचाळीस वर्षांची एक बाई. तब्येतीने चांगली, सकाळी पळायला जाणारी. पळून आल्यावर तिने दुधीचा रस प्यायला. थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दवाखान्यात दाखल केलं, पण चार दिवसांत ती गेली.

दुधी, काकडी, कारलं, दोडका या वेलवर्गात कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. वेलीचं ते संरक्षण आहे, किड्यांनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून. आपण पिढ्यान्‌पिढ्या गोड वाण निवडत आलो, म्हणून बाजारातल्या दुधीत ती नगण्य असतात. पण कधी बियाण्यामुळे, कधी उन्हाचा-पाण्याचा ताण पडल्यामुळे एखादा दुधी कडूजहर निघतो. बाहेरून तो ओळखू येत नाही. असा रस पोटात गेला की जठर आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं, रक्ताची उलटी होऊ शकते, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं आणि बीपी कोसळतं. यावर उतारा नाही. सलाईन आणि बीपी टिकवायची औषधं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं.

2010 मध्ये दिल्लीत सीएसआयआरमधल्या एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याच्या मिश्र रसाने मृत्यू झाला होता. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने यात लक्ष घातलं. त्यांचा सल्ला अगदी साधा होता. रस कडू लागला तर ओतून द्या. दुसऱ्या रसात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थ वाटलं तर ताबडतोब दवाखाना गाठा.

'मिसळू नका' हे का, ते बघा. दुधी कडू आहे हे कळायचं एकच साधन आपल्याकडे आहे, ते म्हणजे जीभ. कारलं घातलं की ते साधन गेलं. आपल्या घरांत दुधी चिरला की आधी एक फोड जिभेवर ठेवून बघायची पद्धत होती. कडू निघाला तर भाजीलाही घ्यायचा नाही, कारण शिजवून त्याचं विष भरवशाने जात नाही. रसाच्या टेबलावर ही फोड कोण चाखतो? आणि भाजी कडू लागली तर आपण ताट बाजूला सारतो. रस मात्र नाक दाबून संपवतो, कारण 'कडू आहे म्हणजे गुणकारी आहे'.

चहाच्या डब्यातली आणि रसाच्या पेल्यातली गोष्ट मला इथे एकच वाटते. दोन्हीकडे शरीर 'हे नको' असं ओरडून सांगत असतं, आणि आपल्याला शिकवलेलं असतं की ते ओरडणं म्हणजेच सफाई. काकूंच्या डब्यातल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की सुरुवातीला जुलाब, डोकेदुखी, थकवा जाणवेल, 'ही विषारी द्रव्यं बाहेर पडत असल्याची खूण आहे'. हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. चहापेक्षाही. कारण ते माणसाला घरी बसवून ठेवतं. कडू रसाच्या बाबतीत तर तास दोन तास घरी बसणंही महागात पडू शकतं.

मग ही विषारी द्रव्यं म्हणजे नेमकं काय? मी माल देणाऱ्या एमआरला विचारलं. एका द्रव्याचं तरी नाव सांग, जे चहा घेण्याआधी रक्तात इतकं होतं आणि नंतर इतकं झालं. तो हसला आणि स्कीम सांगायला लागला, दहावर दोन फ्री. नाव नाही, कारण तपासणीही नाही. शरीरात नको असलेली द्रव्यं तयार होतात, पण ती काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. ती बिघडली की क्रिएटिनिन, बिलिरुबिन अशा नावानिशी आकडे येतात. आणि तेव्हा चहा कामाचा नसतो.

आतड्यात साचलेला मळ रक्तात जाऊन माणसाला विष चढतं, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांचीही होती. लंडनमधले सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच कापून काढायचे. 1922 मध्ये अमेरिकेतले डॉ. आर्थर डोनाल्डसन यांनी एक सोपा प्रयोग केला. निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसते कापसाचे बोळे भरून ठेवले. त्यांना तशीच डोकेदुखी, मरगळ, चिडचिड व्हायला लागली. कापूस काढल्याबरोबर सगळं थांबलं. रक्तात विष चढलं असतं तर ते असं एका क्षणात उतरलं नसतं. त्रास होता तो ताणलेल्या आतड्याचा आणि त्याच्या नसांचा. म्हणून पोट साफ झालं की बरं वाटतं हे खरं आहे, पण विष गेलं म्हणून नव्हे.

'आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटलाय' हेही तसंच. आतड्याचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, त्यावर वर्षांचा मळ टिकणार कुठे? काही पावडरींच्या जाहिरातीत संडासातून निघालेला दोरखंडासारखा चिकट पदार्थ दाखवतात. त्या पावडरीत बहुधा इसबगोल आणि बेंटोनाइट नावाची माती असते. घरी एका ग्लासात दोन्ही पाण्यात कालवून ठेवा, तसाच गोळा तयार होईल. तो दोर तुमच्या आतड्यातला नव्हता, डब्यातून आला होता.

काकूंकडे परत येते. पोट का फुगत होतं, हा मूळ प्रश्न या सगळ्या गोंधळात कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा. डॉक्टरांनी विचारला. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं आणि आठवड्यांमागून आठवडे टिकणारं पोट फुगणं, लवकर पोट भरणं, सारखी लघवीला लागणं, हे बाईच्या बाबतीत अंडाशयाच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. ही लक्षणं साधी वाटतात, म्हणून उशीर होतो. त्यांनी आधी सोनोग्राफी आणि रक्त तपासणी करून घेतली. सुदैवाने काही निघालं नाही. पण ते असतं तर? एकवीस दिवसांचा डबा, मग दुसरा, मग तिसरा. दर वेळी दोन दिवस बरं वाटलं असतं आणि महिने निघून गेले असते. त्या रात्री मला झोप आली नाही ती पोटॅशियमपेक्षा या विचाराने.

खरं कारण साधं निघालं. गुडघ्यांसाठी त्या वर्षभर कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या घेत होत्या, त्याने मलावरोध होतो. आणि 'हाडांसाठी' म्हणून रात्री पेलाभर दूध सुरू केलं होतं. वयाबरोबर आपल्यापैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर जगतात आणि वायू तयार होतो. डॉक्टरांनी दोन आठवडे दूध बंद करून दही-ताक ठेवायला सांगितलं, कॅल्शियमची गोळी बदलली आणि इसबगोल अर्ध्या चमच्यापासून सुरू केलं, दर वेळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर इसबगोलच अडकून बसतं, आणि पहिले काही दिवस वायू थोडा वाढतो, हेही आधी सांगितलं. महिन्याभरात साडी सैल करायची वेळ गेली. सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. पण काय खाल्लं, केव्हा फुगलं, संडासला कधी झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे दोन आठवडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलं, तर निम्मं काम होतं. वजन आपोआप उतरत असेल, संडासमधून रक्त किंवा काळं जात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, रात्री पोटदुखीने जाग येत असेल, तर वहीसाठी थांबू नका.

कमेंटमध्ये येईलच म्हणून आधीच सांगते, हे आयुर्वेदाविरुद्ध नाही. वैद्य विरेचन देतात ते माणूस बघून, ठरावीक दिवस, आपल्या देखरेखीखाली. माझ्या काउंटरवरच्या डब्याने काकूंना बघितलं नव्हतं. त्यांच्या बीपीच्या गोळ्या मला माहीत होत्या आणि तरी मीही बघितलं नाही.

कायदा काय करतो? 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात आजारांची एक यादी आहे. त्यांच्यावर इलाज करतो अशी जाहिरातच करता येत नाही. त्यात लठ्ठपणा आहे, आतड्याचे अल्सर आहेत. पोट फुगणं नाही. म्हणून डब्यावर आजाराचं नावच घ्यायचं नाही, 'डिटॉक्स', 'क्लेन्झ', 'हलकं वाटेल' एवढंच लिहायचं, असा धंदा चालतो. खाद्यपदार्थ म्हणून विकलं तर 2018 च्या एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे दाव्याला शास्त्रीय आधार लागतो. पण तक्रार झाल्याशिवाय तो आधार कोण मागणार? अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. औषधाचा दुष्परिणाम झाला तर 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर रुग्ण स्वतः कळवू शकतो. काकूंच्या केसची नोंद आम्ही केली.

माझ्यापुरतं मी काय केलं ते सांगते. ते डबे कंपनीला परत केले. सोनामुखी असलेलं काहीही आता शेल्फवर नाही, आतल्या कपाटात आहे, आणि मागणाऱ्याला आधी विचारते: बीपीची, हृदयाची कोणती गोळी चालू आहे? किती दिवस घेणार? हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला किंवा लघवीची गोळी चालू असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. काही लोक चिडतात, पुढच्या दुकानात जातात. तिथे मिळतं.

काकूंनी शेजारणींना दिलेले दोन डबे मी दुसऱ्याच दिवशी जाऊन परत आणले. एकीचा डबा अर्धा संपला होता. तिने विचारलं, "का हो, चांगलं साफ होतंय की."